वैधता चाचणीत गुण कमी आले म्हणजे ढोंग?

“भावाच्या स्मरणशक्तीच्या तपासणीत ‘गुण ग्राह्य नाहीत’ असा शेरा आलाय. म्हणजे तो नाटक करतोय हे सिद्धच झालं ना?”

नाही. शेऱ्याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशीच्या गुणांवरून त्याची स्मरणशक्ती ठरवता येणार नाही.

तपासणी देणारा मनापासून प्रयत्न करतोय का, म्हणजे त्याचे गुण ग्राह्य धरावेत का, हे बघायला वैधता चाचणी घेतात. त्यातलीच ‘टॉम’ नावाची चाचणी बघा. 50 साधी चित्रं एकेक करून दाखवतात. मग प्रत्येकाशेजारी एक नवं चित्र ठेवून विचारतात, यातलं आधी कोणतं पाहिलंत? ऐकायला अवघड वाटते, पण डोक्याला मार लागलेली माणसंही ती सहसा चांगली सोडवतात. नुसता अंदाज केला तरी 25 च्या आसपास उत्तरं बरोबर येतात.

समजा, अपघातानंतर भरपाई मागणाऱ्या एकाला 33 मिळाले. कमीच आहेत. पण त्याला गुंगीचं औषध चालू असेल, सूचना नीट कळल्या नसतील, किंवा खरोखरच तीव्र स्मृतिभ्रंश असेल. म्हणून एका चाचणीवर न थांबता दुसरी घेतात, जुने कागद बघतात, घरी तो पैशांचा हिशेब कसा ठेवतो हे विचारतात.

दुसऱ्या कुणाला 12 मिळाले तर गोष्ट वेगळी. निव्वळ अंदाजाने इतके कमी गुण पडण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. इतकं चुकायला बरोबर उत्तर ओळखावं लागतं. असं क्वचितच दिसतं. तिथेही हेतू आकड्यात दिसत नाही: पैसे हवेत, की आपला त्रास कुणी खरा मानणार नाही ही भीती? आणि वाढवून सांगणाऱ्यालाही खरी इजा झालेली असू शकते.