व्याख्यानाचे मुलाखतीत रूपांतर

लिहून आणलेल्या व्याख्यानातील माहिती मुलाखतकाराचे प्रश्न आणि तज्ज्ञाची उत्तरे या रूपात नव्याने मांडण्याची ही संहितालेखनाची पद्धत आहे. खानदेशात आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावरील शेतीविषयक कार्यक्रमांसारख्या ठिकाणी ती उपयोगी पडते.

परिच्छेदांच्या मधे प्रश्न पेरले की मुलाखत झाली, हा समज चुकीचा आहे. ‘आता लक्षणे सांगा’, ‘आता उपाय सांगा’ हे प्रश्न नव्हेत, मथळेच आहेत. त्यांच्यामागून व्याख्यानच पुढे चालू राहते. म्हणून आधी प्रत्येक विधानाशेजारी ते ऐकताना शेतकऱ्याच्या मनात काय येईल ते लिहावे. तीच शंका मुलाखतकाराच्या तोंडी जाते. शंका चुकीच्या समजुतीची असेल तर ती अधिकच मोलाची.

केळीवरील हरण्या रोगाचे उदाहरण घेऊ. मूळ व्याख्यानातील मजकूर असा: ‘कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होणाऱ्या या रोगाचा प्रसार मावा किडीमार्फत होतो. काकडीवर्गीय पिके या विषाणूची यजमान असल्याने ती आंतरपीक म्हणून टाळावीत. रोगग्रस्त झाडे समूळ उपटून नष्ट करावीत.’ रूपांतर असे होते:

मुलाखतकार: मृगबागेत हरण्या दिसला, तर फवारणी कशाची करायची?

तज्ज्ञ: रोग बरा करणारं औषधच नाही. झाड मुळासकट उपटायचं आणि बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं. फवारणी करायची ती माव्यासाठी.

मुलाखतकार: माव्याचा इथे काय संबंध?

तज्ज्ञ: रोगट झाडाचा रस शोषलेला मावा निरोगी झाडावर बसला, की विषाणू तिकडे पोचतो.

मुलाखतकार: पण केळी लहान असताना मधली जागा मोकळीच असते. तिथे काकडी घेतली तर?

तज्ज्ञ: घेऊ नका. हा विषाणू काकडीवरही वाढतो. मावा तिथून तो केळीवर आणतो.

क्रम उलटला आहे: व्याख्यान कारणापासून निघाले, मुलाखत शेतकऱ्याच्या अडचणीपासून. ‘यजमान’ हा शब्द गेला, त्याचा अर्थ मात्र राहिला. पहिल्या प्रश्नातली औषधाची अपेक्षा मूळ मजकुरात नव्हती. त्यामुळे ‘औषध नाही’ हे उत्तर लेखकाने मनाने घालायचे नसते. ते तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागते.

उत्तर प्रश्नातच येऊन गेले, तर तज्ज्ञाला ‘हो, बरोबर’ एवढेच उरते. मोठ्याने वाचताना हा दोष लगेच कळतो. दुसरा दोष लांबीचा. एक उत्तर मिनिटभराच्या पुढे गेले, की त्यात बहुधा दोन मुद्दे असतात; मधे ‘म्हणजे नेमकं काय?’ असा छोटा प्रश्न घालून ते वेगळे करावेत. प्रश्नांनाही वेळ लागतो, त्यामुळे दहा मिनिटांच्या व्याख्यानातले सगळे मुद्दे दहा मिनिटांच्या मुलाखतीत मावत नाहीत. सगळी उत्तरे घाईने आखडण्यापेक्षा एखादा मुद्दा पूर्ण वगळणे बरे.

बोलीचाही विचार लागतो. रावेर-यावलकडची लेवा बोली वेगळी, धुळ्याकडची अहिराणी वेगळी. मुलाखतकाराचा एखादा प्रश्न बोलीत चालतो; तज्ज्ञ एरवी जसा बोलतो तशीच त्याची उत्तरे मात्र लिहावीत, नाहीतर ध्वनिमुद्रणात तो अडखळतो.