गाईची हाताने धार काढणे : मूठ आणि चिमटी

गाईची धार हाताने काढण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. सड सगळ्या मुठीत धरून वरून खाली क्रमाने दाबत जायची ती मूठ पद्धत. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत सड पकडून मुळापासून टोकापर्यंत ओढत आणायची ती चिमटी पद्धत. याखेरीज अंगठा मुडपून त्याच्या सांध्यावर सड दाबण्याची एक सवय गोठ्यागोठ्यांत दिसते, आणि सडाचे सर्वाधिक नुकसान तीच करते.

कोल्हापूर जिल्ह्यात एक-दोन गाई आणि एखादी म्हैस बाळगणारी घरे भरपूर आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांकडे धार अजून हातानेच निघते. शहरात गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून धारोष्ण दूध देतात, तिथे हे काम कुणालाही जवळून पाहता येते. गावात मात्र ते गोठ्याच्या अंधारात, पहाटे, संस्थेत दूध घालायची वेळ गाठायच्या घाईत होते. 1963 साली स्थापन झालेला गोकुळ काय किंवा वारणा काय, संघाला दूध घालणाऱ्याचा दर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग, यांवर ठरतो. सडाला होणाऱ्या बऱ्याच इजांचे मूळ या फॅटच्या ओढीत आहे. ते कसे, हे समजायला आधी सड आतून कसा असतो ते पाहावे लागते.

सड ही मऊ भिंतीची नळी आहे. कासेच्या त्या कप्प्यातले दूध वरून या नळीत उतरते. नळीच्या मुळाशी, जिथे ती कासेला मिळते, तिथे आतून एक अरुंद कडे असते. टोकाला साधारण एक सेंटिमीटर लांबीचा बारीक मार्ग असतो आणि त्याला वेढणारा गोल स्नायू तो घट्ट मिटून ठेवतो. आतल्या बाजूला अतिशय नाजूक अस्तर असते. कासेचे चार कप्पे एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे एक सड बंद पडला की त्या कप्प्याचे दूध दुसऱ्या सडातून येत नाही.

दूध सडातून ओढून निघत नाही. ते कोंडून दाबले की टोकाचा स्नायू उघडतो आणि धार सुटते. मूठ पद्धत नेमके हेच करते. अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून सडाच्या मुळाशी, पण कासेच्या मांसाला न चिमटता, सड वरून बंद करायचा. मग मधले बोट, अनामिका आणि करंगळी एकामागून एक मिटत आणायची. कोंडलेल्या दुधाला खालीच वाट उरते आणि धार जोरात, सरळ पडते. नंतर बोटे पूर्ण सैल सोडायची, म्हणजे सड वरून पुन्हा भरतो. हात खाली जात नाही आणि सड ताणला जात नाही. वासरू पिताना सडाभोवती जो सारखा दाब येतो, त्याच्या सर्वांत जवळ जाणारा हाच दाब आहे. दोन्ही हात आळीपाळीने चालतात, एक मिटतो तेव्हा दुसरा सुटतो. नवशिक्याची चूक बहुधा वरच्या कड्यात असते. कडे ढिले राहिले तर दाबलेले दूध उलटे कासेत चढते, धार बारीक पडते, आणि ती वाढवायला तो मग ओढू लागतो.

चिमटीत दाब दोनच बोटांचा असतो आणि तो सडाच्या पूर्ण लांबीवर घसरत जातो. बाहेर कातडीला घर्षण, आत अस्तराला रगड आणि मुळाशी ताण, असे तिन्ही एकाच वेळी होते. कोरडी बोटे घसरत नाहीत, म्हणून चिमटीने धार काढणारा बोटे चरवीतल्या फेसात बुडवतो. हाताची घाण दुधात जाते, ओल्या बोटांवरून जंतू एका सडाकडून दुसऱ्याकडे जातात आणि ओले सड वाऱ्याने तडकतात. मुठीला हे ओलेपण लागतच नाही. सड धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, कोरड्या हातानेच ती चालते.

हे सगळे पान्हा असेपर्यंत. सड धुताना, पुसताना, कास चोळताना गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन येते आणि साधारण मिनिटभरात पान्हा उतरतो. त्याचा भर पाच-सात मिनिटे टिकतो. सहा लिटर दूध देणाऱ्या गाईचा हिशेब करून पाहावा. एका दाबात सरासरी 15 मिलिलिटर दूध आले तर चारशे दाब लागतात. दोन्ही हात मिळून मिनिटाला ऐंशी-नव्वद दाब झाले तर धार पाच मिनिटांत संपते, म्हणजे पान्ह्याच्या वेळेत बसते. चिमटीचा एक फेरा लांब आणि दूध कमी. त्याच गाईला ती दहा-बारा मिनिटे घेते, आणि शेवटची चार-पाच मिनिटे पान्हा ओसरलेल्या, जवळजवळ रिकाम्या सडावर ओढाओढ चालते. रिकाम्या सडात आतल्या भिंती एकमेकींवर घासतात. इजा होते ती बहुतेक याच वेळी.

तरीही माणसे ओढत राहतात, कारण शेवटचे दूध दाट असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते खरेही आहे. पहिल्या धारांत फॅट एक-दोन टक्के असते, शेवटच्या दुधात आठ-नऊ टक्क्यांपर्यंत जाते. पण किती दुधासाठी किती ओढायचे, हा हिशेब कुणी मांडत नाही. समजा गाईच्या सहा लिटर दुधाची सरासरी फॅट 3.8 आहे. शेवटचे अर्धा लिटर, 8 फॅटचे, कासेत राहिले तर उरलेल्या साडेपाच लिटरची फॅट 3.4 वर येते, म्हणजे गाईच्या दुधाच्या 3.5 या पायाभूत फॅटच्याही खाली. हे अर्धा लिटर नक्की काढावे. पण फक्त शेवटचे 100 मिलिलिटर, अगदी 9 फॅटचे धरले तरी, राहून गेले तर सरासरी 3.7 राहते. अर्धा लिटर मुठीनेच निघते. धार मंदावली की थांबून कासेचा तो कप्पा तळहाताने वरून खाली दोन-चार वेळा चोळायचा आणि पुन्हा मूठ लावायची. त्या शेवटच्या पेलाभर दुधासाठी मात्र सड निपटत बसावे लागते, आणि पेलाभर दूध एका सडाच्या मोलाचे नाही. शिवाय कितीही निपटले तरी कासेत थोडे दूध राहतेच. ते हाताने निघण्यासारखे नसते आणि पुढच्या धारेत मिसळून येते. ते काढायला इंजेक्शन टोचणे हा गाईवर अन्याय आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला अपाय करणारे इंजेक्शन देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवले आहे.

इजा कशी वाढत जाते याचे उदाहरण म्हणून करवीर तालुक्यातल्या एका गोठ्यातली संकरित गाय घेता येईल. दुसऱ्या वेताची, अगदी शांत. धार काढणारा घरातला माणूस आजारी पडला आणि मुलाने काम हाती घेतले. बोटे लवकर दुखतात म्हणून तो अंगठा मुडपून सांध्यावर सड दाबू लागला. आठवडाभरात गाय मागच्या डाव्या सडाला हात लागताच पाय उचलू लागली. घरच्यांनी तिला खोडी ठरवून मागचे पाय दोरीने बांधले. मग एके दिवशी त्याच सडाचे दूध गुलाबीसर आले, दोन दिवसांत निवळले, म्हणून सगळे निर्धास्त झाले. महिन्याभराने त्या सडाची धार सुतासारखी बारीक आणि तिरकी पडू लागली. रिकामा सड अंगठा आणि बोट यांत हलकेच फिरवून पाहिल्यावर आत, मध्याच्या जरा वर, वाटाण्याएवढी टणक गाठ लागली. हाडाच्या दाबाने अस्तर एकाच जागी रोज चिरडत होते आणि भरून येताना तिथे मांस वाढले होते.

या गाईने प्रत्येक पायरीला खूण दिली होती. पाय उचलणे ही पहिली खूण. एकाच सडाला हात लागल्यावर गाय हलत असेल तर तिला खोडकर म्हणू नये, दुखतेय असे समजावे. गुलाबी दूध ही दुसरी. या दोन टप्प्यांवर पद्धत बदलली तर सड बहुधा सुधारतो. गाठ झाल्यावर पशुवैद्याशिवाय इलाज नाही. या अवस्थेत काही जण सडात कडुलिंबाची काडी, सुई किंवा सायकलची तार घालून वाट मोकळी करू पाहतात. टोकाचा स्नायू त्याने फाटतो, मग दूध आपोआप गळू लागते, आणि उघड्या वाटेने जंतू शिरून दगडी, म्हणजे कास सुजवणारा रोग, होते. त्या कप्प्याचे दूध मग कायमचे जाऊ शकते. निर्जंतुक नळीही पशुवैद्यानेच घालावी.

चिमटीला जागा आहे, पण मोजकी. पहिलारू कालवडीचे सड कधी इतके आखूड असतात की चार बोटे त्यावर बसतच नाहीत. तिथे अंगठा आणि दोन बोटांनी, पूर्ण लांबी न ओढता, छोट्या छोट्या दाबांनी काढावे. तुपाचा हलका हात सडाला लावावा, बोटे दुधात बुडवू नयेत. एका वेतात सड बरेचदा थोडे लांबतात आणि मूठ बसू लागते. विल्यानंतर कास सुजून ताणलेली असते तेव्हाही चीक काढताना घाई करू नये. धारेच्या सुरुवातीच्या दोन-तीन पिचकाऱ्या काळ्या फडक्यावर मारून गुठळ्या पाहायच्या, तेव्हाही चिमटी चालते. नखे मात्र कापलेलीच हवीत, पद्धत कोणतीही असो.

धार संपल्यावर टोकाची वाट मिटायला अर्धा तास तरी लागतो. म्हणून सड आयोडीनच्या सौम्य द्रावणात बुडवून काढतात आणि गाय लगेच शेणात बसू नये यासाठी आंबोण किंवा वैरण धारेनंतर गव्हाणीत टाकतात.