साडेनऊ फुटांची भिंत आणि भागाकार न जुळणारे बोर्ड

गुहागरला आमच्या भावकीतला एक पोरगा होमस्टे चालवतो. त्याला मोठ्या हॉलचे दोन भाग करायचे होते, विटांची भिंत नको, मे महिन्याच्या आत काम व्हायला पाहिजे, म्हणून जिप्सम बोर्डाचं पार्टिशन. त्याने कोटेशन मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "काका, १३ फूट लांब, साडेनऊ फूट उंच, ११ बोर्ड पुरतील म्हणतो ठेकेदार." हिशेब असा होता: तेरा गुणिले साडेनऊ, दोन बाजू, म्हणजे २४७ स्क्वेअर फूट. एक बोर्ड ६ बाय ४ चा म्हणजे २४ स्क्वेअर फूट. २४७ भागिले २४ म्हणजे १०.२९, तर झाले ११.

भागाकार अगदी बरोबर आहे, पण ११ बोर्ड पुरत नाहीत. आणि चिपळूणहून सामान येतं, चाळीसेक किलोमीटर, दोन बोर्ड कमी पडले की परत टेम्पो.

मुद्दा असा की पार्टिशन म्हणजे क्षेत्रफळ नव्हे, ती जाळी आहे. जमिनीवर एक पत्र्याचा ट्रॅक, वर स्लॅबला एक ट्रॅक (बाजारात यालाच फ्लोअर चॅनल, सीलिंग चॅनल म्हणतात), त्यात उभे बसवलेले पत्र्याचे खांब म्हणजे स्टड, आणि दोन्ही बाजूंनी स्क्रूने मारलेले बोर्ड. मोजायची ती जाळी.

स्टडपासून सुरू करू. अंतर २ फूट. तेरा भागिले दोन साडेसहा, म्हणजे दोन स्टडमधले गाळे सात, शेवटचा गाळा अर्धा. पण गाळे सात असले तर खांब आठ लागतात, कारण सुरुवातीला भिंतीला चिकटून एक असतोच. सूत्र एवढंच: लांबी भागिले अंतर, अपूर्णांक आला तर वरचा पूर्ण आकडा, अधिक एक. स्टड बहुतेक ठिकाणी १२ फुटी येतो, एकातून साडेनऊचा एकच निघतो, तर आठ नग. कापताना वरच्या-खालच्या ट्रॅकमधल्या अंतरापेक्षा पाच-दहा मिलीमीटर आखूड कापायचा, ठासून बसवायचा नाही, नाहीतर स्लॅब जराशी वाकली तरी भार स्टडवर येतो.

आता माझा आवडता भाग. हे २ फूट अंतर कुठून आलं? लोकांना वाटतं मजबुतीसाठी कोणीतरी ठरवलं असेल. पण पहिलं कारण मजबुती नाहीच, बोर्डाची रुंदी आहे. बोर्ड ४८ इंच रुंद, त्याची उभी कड कुठेतरी संपते आणि तिथून पुढचा बोर्ड सुरू होतो. तो सांधा हवेत लटकून चालत नाही, तो स्टडच्या मधोमध आला पाहिजे, म्हणजे अर्ध्या स्टडवर हा बोर्ड, अर्ध्यावर तो. म्हणून स्टडचं अंतर असं पाहिजे की ४८ ला त्याने पूर्ण भाग जाईल. २४ चालतं, १६ चालतं, १२ चालतं. "जरा मजबूत करूया, १८ इंचावर घ्या" असं कोणी म्हणालं तर स्टड येणार १८, ३६, ५४ वर, आणि बोर्डाची कड ४८ वर, म्हणजे एका स्टडपासून फूटभर पुढे आणि दुसऱ्याच्या अर्धा फूट अलीकडे. स्टड जास्त घेऊन भिंत वाईट झाली.

याहून बारीक घोळ मिलीमीटरमध्ये होतो. कोटेशनवर लिहिलेलं असतं ६०० मिमी, आपण म्हणतो २ फूट, एकच की. एकच नाही, २ फूट म्हणजे जवळजवळ ६१० मिमी. दहा मिलीमीटरने काय होतंय असं वाटतं ना, तर बघा. फूट-इंचातल्या बोर्डाची रुंदी जवळपास १२२० मिमी. स्टडच्या खुणा ६०० ने केल्या तर दुसऱ्या खुणेचा मध्य १२०० वर. स्टडचा जो चेहरा बोर्डाला टेकतो तो साधारण ३५ मिमी रुंद, म्हणजे मध्यापासून पुढे साडेसतरा, तो संपतो १२१७.५ वर. बोर्डाची कड १२२० वर. पहिलाच सांधा अडीच मिलीमीटरने स्टडच्या बाहेर पडला! पहिल्या बोर्डाला अख्खा स्टड मिळाला, शेजारच्या बोर्डाच्या कडेला टेकायला काहीच नाही. पुढच्या सांध्याला चूक २० ची ४० होते, त्याच्या पुढे ६०, कारण ती साठत जाते. १२०० मिमीचे बोर्डही असतात आणि त्यांना ६०० बरोबर आहे, म्हणून आधी हातातल्या बोर्डाला टेप लावा आणि त्याचं निम्मं अंतर धरा, छापील आकडा नंतर. खुणा करतानाही टेपचं टोक मूळ भिंतीलाच धरून सगळ्या खुणा एका दमात करायच्या, या स्टडपासून त्या स्टडपर्यंत असं उड्या मारत मोजलं की प्रत्येक उडीत स्टडची जाडी घुसते.

स्टड ट्रॅकमध्ये फिरवून अडकवलेला असतो, म्हणून तो पक्का करायच्या आधी सरकवता येतो आणि चांगला कारागीर बोर्ड उभा करून कड बघूनच स्टड सरकवतो. पण एका बाजूचे बोर्ड मारून झाले की संपलं, कारण दुसऱ्या बाजूचे सांधे त्याच स्टडवर घ्यायचे नसतात. या बाजूला सांधे ४, ८, १२ फुटांवर, तर मागच्या बाजूला अर्ध्या बोर्डाने सुरुवात करून २, ६, १० वर. समोरासमोर सांधे आले तर तिथे भिंतीची दोन्ही कातडी एकाच रेषेत तुटलेली असते, आणि त्या रेषेत तडा जायला वेळ लागत नाही.

मजबुतीचं गणित वेगळं आहे. दोन स्टडच्या मध्ये बोर्डावर हात दाबला तर तो किती आत जाईल हे अंतराच्या घनावर चालतं. २४ इंचाऐवजी १६ केलं तर अंतर दीडपट कमी, पण बोर्डाचं दबणं साधारण ३.४ पट कमी. स्टड मात्र आठाचे अकरा होतात. आता अख्खी भिंत हलते त्याचं काय? तिथे उंचीचा घन येतो. साडेनऊ फुटांऐवजी १२ फूट, जसं जुन्या कौलारू घरात आढ्याकडे जाताना होतं, तर तोच स्टड दुप्पट वाकतो. अशा वेळी स्टड जवळजवळ लावून फार फरक पडत नाही, संख्या दीडपट केली की ताठपणा दीडपटच होतो, पण भिंतीच्या जाडीच्या दिशेने ४८ मिमी असलेल्या स्टडऐवजी ७० मिमीचा घेतला तर एकेका स्टडचा ताठपणा दुपटीहून जास्त वाढतो, कारण इथे त्या मापाचा वर्ग तरी लागतोच. उंच भिंतीला मोठ्या मापाचा स्टड घ्या, जिथे माणसं टेकणार, मुलं चेंडू मारणार तिथे अंतर कमी करा, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

ट्रॅकचा हिशेब सोपा: वर १३, खाली १३, म्हणजे २६ फूट, १२ फुटी तीन नग, तिसऱ्यातले १० फूट उरतात. पण ६ फुटी बोर्ड साडेनऊ फूट पुरत नाही, म्हणजे प्रत्येक गाळ्यात एक आडवा सांधा येतो आणि त्याच्याही मागे आधार हवा. तो आधार ट्रॅकच्याच तुकड्याचा करतात, दोन्ही टोकं तीन-तीन इंच दुमडून स्टडला स्क्रू. २ फुटांच्या गाळ्याला अडीच फूट तुकडा, दोन्ही बाजूंचे मिळून असे बारा, आणि शेवटच्या फुटी गाळ्यांना दीड फुटाचे दोन. उरलेले १० फूट आणि आणखी दोन नग घेतले की हे बरोबर निघतं. ट्रॅक एकूण पाच. कोटेशनमध्ये तीन होते.

आणि आता बोर्ड. खाली ६ फुटांचा अख्खा, वर साडेतीन फुटांचा तुकडा (शेजारच्या उभ्या पट्ट्यात उलट करायचं, म्हणजे आडवा सांधा एका ओळीत येत नाही). साडेतीनचे दोन तुकडे ६ फुटी बोर्डातून निघत नाहीत, सात फूट लागतात. म्हणून अख्ख्या रुंदीच्या प्रत्येक साडेतीनच्या तुकड्याला नवा बोर्ड फोडावा लागतो आणि अडीच फूट बाद. पुढच्या बाजूला पट्टे ४, ४, ४ आणि १ फुटाचा, मागे २, ४, ४, ३ असे. सहा फुटी तुकड्यांना सात बोर्ड लागतात, मागच्या ३ फुटी पट्ट्याचा उरलेला फुटाचा तुकडा पुढच्या बाजूला लावून. साडेतीन फुटी तुकड्यांना सहा, कारण मागच्या २ फुटी पट्ट्याचा तुकडा आधीच्या उरलेल्यातून निघतो. एकूण १३.

हीच भिंत ९ फूट उंच असती तर ६ अधिक ३, आणि एका बोर्डातून ३ चे दोन निघतात, म्हणजे फक्त १० बोर्ड. अर्धा फूट उंचीने तीन बोर्ड वाढले! क्षेत्रफळात हे कधीच दिसत नाही, तिथे दोघांत फरक जेमतेम अर्ध्या बोर्डाचा. अडीच फुटी तुकडे जोडून ११ मध्ये बसवता येईल म्हणणारेही असतात, पण मग जोडलेल्या प्रत्येक पट्ट्यात एक जादा आडवा सांधा, त्यामागे पत्रा, वर टेप, वर पुट्टी. त्यापेक्षा बोर्ड परवडतो.

१३ फूट भिंतीला १३ बोर्ड म्हटल्यावर घरातून कुरकुर आली की आकडा चांगला नाही. तर १४ घ्या बापडे, एखाद्याचा कोपरा टेम्पोतून उतरवताना मोडतोच, तिथे अंधश्रद्धेने फायदाच होईल. त्याहून मला राग येतो तो "हिरवा बोर्ड वॉटरप्रूफ आहे" या थापेचा. जिप्सम म्हणजे पाणी धरून बसलेलं कॅल्शियम सल्फेट, वजनाचा पाचवा भाग पाणीच, आणि ते पाण्यात थोडं विरघळतंही. हिरवा बोर्ड ओल सावकाश शोषतो, इतकंच. पावसाळ्यात फरशी पुसताना पाणी भिंतीशी साचतं, म्हणून बोर्ड कोणताही असो, जमिनीपासून सेंटिमीटरभर वर ठेवायचा आणि ती फट भरायला सीलंट, पुट्टी नाही.

काम झाल्यावर बघायचं असेल तर फ्रीजवरचं जाड, जोरकस लोहचुंबक घ्या आणि रंग लावायच्या आधी भिंतीवरून फिरवा. स्क्रूच्या डोक्यांवर तो ओढला जातो, तिथे पेन्सिलने टिंब द्या. उभ्या सांध्यावर दोन ओळी दिसल्या पाहिजेत, साधारण पाऊण इंचाच्या अंतराने, एक या बोर्डाची आणि एक त्या बोर्डाची. सांध्याला एकच ओळ सापडली तर शेजारच्या बोर्डाची कड हवेत आहे, तिथे टेपवरून टेप मारून उपयोग नाही, बोर्ड काढून मागे पत्र्याची उभी पट्टी घालावी लागते. आणि पंधरा-वीस दिवसांत पुट्टीवर तपकिरी ठिपके उठले तर ते काळ्या साध्या स्क्रूंचे, खाऱ्या वाऱ्यात ते गंजतात, आपल्याकडे झिंकचा मुलामा असलेलेच घ्यायचे.