वर्गातील कृतिसंशोधन

शिक्षकाने आपल्याच वर्गातली एक नेमकी अडचण निवडायची, तिच्यावर उपाय करता करता त्याची शिस्तीत नोंद ठेवायची आणि हाती जे येईल ते, मनासारखे असो वा नसो, सहकाऱ्यांपुढे मांडायचे, या पद्धतीला कृतिसंशोधन म्हणतात. यात संशोधक आणि शिक्षक एकच असतो. निष्कर्ष त्या वर्गापुरता असतो. साऱ्या जगाला लागू पडणारा नियम शोधणे हा त्याचा हेतू नसतो.

ही संज्ञा मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ साली रूढ केली. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती शाळेत आणली. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी ‘शिक्षक हाच संशोधक’ हा विचार लावून धरला. आपल्याकडे डी.एड., बी.एड.च्या फायलींमुळे हा शब्द प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे, आणि त्याची बदनामीही त्या फायलींनीच केली. समस्या, कारणे, गृहीतके, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी या क्रमाने पाने भरतात आणि शेवटी ‘उपक्रम यशस्वी झाला’ असे लिहून फाईल बांधली जाते. न जमलेला उपक्रम अशा फायलीत शोधूनही सापडत नाही.

खरे काम कसे चालते ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे. त्यातली शाळा आणि आकडे कल्पित आहेत, चुका मात्र कुठल्याही चौथीच्या वहीत दिसतील अशा आहेत.

नवी मुंबईत तुर्भे-रबाळे पट्ट्यातली एक मराठी माध्यमाची शाळा. चौथीच्या वर्गशिक्षिकेची तक्रार अशी की ‘मुलांना वजाबाकी येत नाही’. ही तक्रार झाली, प्रश्न नव्हे, कारण तिचे उत्तर कशाने मिळेल हे तिच्यात कुठेच नाही. बाईंनी आठवडाभराच्या वह्या चाळल्या. बिनहातच्याची वजाबाकी बहुतेकांना येत होती. एक हातचा असला तरी बरीच मुले पार पडत होती. गाडी अडत होती ती मधे शून्य आल्यावर, म्हणजे ४०२ वजा १७८ अशा गणितात.

त्याचे बरोबर उत्तर २२४. वह्यांत मात्र तीन चुकीची उत्तरे पुन्हा पुन्हा दिसत होती : ३७६, २७४ आणि २०४. बाईंनी काही मुलांना एकेकटे जवळ बसवून तेच गणित मोठ्याने बोलत करायला सांगितले आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवले. ३७६ लिहिणारी मुलगी म्हणाली, “दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन घेतले.” प्रत्येक घरात ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. २७४ लिहिणारा म्हणाला, “शून्याकडे काहीच नाही, म्हणून त्याच्या पुढच्याकडून घेतला.” त्याने शतकातला एक थेट एककाला दिला. मधल्या घरात शून्य तसेच राहिले, आणि शून्यातून सात जाईनात म्हणून त्याने सातच लिहिले. २०४ वाल्याने तिथे सातऐवजी शून्य लिहिले. म्हणजे तीन उत्तरांमागे चुका दोनच : एक ‘उलटी वजाबाकी’, दुसरी ‘शून्यावरून उडी’. मुलांच्या चुका बेशिस्त नसतात, त्यांनाही रीत असते, हे ब्राउन आणि बर्टन या अभ्यासकांनी १९७८ मध्ये वजाबाकीच्याच उदाहरणांवरून दाखवले होते.

यानंतर प्रश्न असा उतरला : ‘चौथीच्या या वर्गाने खेळातल्या १००, १० आणि १ रुपयाच्या नोटा सुट्या करत वजाबाकी केली, तर मधे शून्य असलेल्या गणितांतली उलटी वजाबाकी आणि शून्यावरची उडी चार आठवड्यांत कमी होते का?’ कोणती मुले, कोणती गणिते, कोणता उपाय, किती दिवस आणि काय मोजायचे हे सगळे यात आले. शिवाय उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. ज्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणताच येत नाही, तो प्रश्न अजून पिकलेला नाही असे समजावे.

नोंदींसाठी फार काही लागले नाही. मधे शून्य असलेली तीन गणिते, अधेमधे पेरलेली पाच सोपी गणिते, हजेरीपट आणि बाईंची एक दोनशे पानी वही. उत्तरचाचणीत आकडे बदलले, पण गणिताची जात तीच ठेवली. तीच चाचणी पुन्हा दिली तर मुलांना उत्तरे आठवतात. उलट दुसरी चाचणी नकळत सोपी झाली तर प्रगती झाल्याचा भास होतो. वहीत रोज तासिका संपल्यावर तीनचार ओळी लिहायच्या, त्याही त्याच दिवशी. रविवारी बसून आठवड्याची नोंद लिहिली की आठवणीत फक्त बरे तेवढे उरते. मुलांची नावे न लिहिता क्रमांक लिहिले, कारण हे कागद पुढे चार लोकांच्या हातात जाणार होते.

गणपतीची सुट्टी संपवून मुले कोकणातून परतल्यावर काम सुरू झाले. पूर्वचाचणीला ३१ मुले होती, उत्तरचाचणीला त्यांतली २७. दोघांचे आईवडील काम संपल्यावर गावी निघून गेले होते आणि दोघे आजारी होते. इथे एक साधी चूक सहज होते : आधीच्या ३१ जणांची सरासरी नंतरच्या २७ जणांच्या सरासरीशी ताडायची. गळलेली चार मुले कच्ची असतील, तर कोणी काही न शिकताही वर्गाची सरासरी वर जाते. म्हणून बाईंनी दोन्ही चाचण्या दिलेल्या २७ मुलांचेच कागद घेतले, आणि चार मुले का वगळली तेही लिहिले.

२७ मुलांची, प्रत्येकी तीन गणितांची, ८१ उत्तरे झाली. आधी त्यांतली २० बरोबर होती, नंतर ४९. इतक्यावर थांबले असते तर ‘दुपटीहून अधिक प्रगती’ असा फलक तयार होता. पण बाईंनी चुकांच्या दोन थप्प्या वेगळ्या मोजल्या. उलटी वजाबाकी ३६ वरून ९ वर आली होती. शून्यावरची उडी मात्र आधी १६ वेळा होती, ती नंतरही १५ वेळा. दुसरी चूक जवळजवळ हललीच नव्हती.

कागद क्रमांकाने लावल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. नंतरच्या १५ उड्यांपैकी ९ अशा मुलांच्या होत्या, जी आधी उलटी वजाबाकी करत होती. म्हणजे ‘दोनातून आठ जात नाहीत, कुठून तरी आणावे लागतात’ इथवर ती आली होती. आणायचे कसे, हे अजून जमले नव्हते. थप्पीचा आकार तोच राहिला, आतली मुले बदलली. नुसत्या गुणांच्या तक्त्यात हे कधीच दिसले नसते.

कारण रोजच्या वहीत सापडले. नोटांशी खेळताना मुले शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेत, त्यांतली एक मोडून सुटे रुपये घेत. हातात तीन शंभराच्या, नऊ दहाच्या आणि बारा सुट्या नोटा उरत. हिशेब चोख. पण हे सगळे झाल्यावर मग वहीत गणित लिहायचे, असा तासिकेचा क्रम होता. मधल्या घरात नऊ होतात ही गोष्ट हाताने केली होती, कागदावर कधी उमटलीच नव्हती. तिसऱ्या आठवड्यातल्या एका नोंदीत बाईंनी लिहिले होते : ‘क्र. १४ ने नोटा बरोबर मोडल्या. वहीत पुन्हा २७४. नऊ कुठे गेले विचारले, तर बाकावरच्या नोटांकडे बोट दाखवले.’

मांडणीची जागा म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद. तिथे वेळ दहा मिनिटांचा मिळतो आणि जेवणाची वेळ झालेली असते. बाईंनी स्लाइड केल्या नाहीत. एका कागदाच्या प्रती वाटल्या : वर प्रश्न, खाली चुकांचा तक्ता, त्याखाली ३७६, २७४ आणि २०४ असलेली तीन गणिते नाव झाकून, आणि शेवटी काय जमले नाही त्याच्या चार ओळी. टक्केवारी मुद्दामच टाळली, कारण २७ मुलांच्या वर्गात एक मूल इकडचे तिकडे झाले तरी जवळपास ४ टक्के हलतात.

ठाण्याहून बदली होऊन आलेल्या एका सरांनी विचारले, “मॅडम, हे नोटांमुळे झालं, की चार आठवडे आठवड्याला तीन तासिका नुसती वजाबाकीच घेतल्यामुळे?”

“सांगता नाही येणार, सर. दुसऱ्या तुकडीत तेवढ्याच तासिका नुसत्या फळ्यावर घेऊन बघायला हवं होतं. ते मी केलं नाही.”

हे उत्तर अहवालात जायला हवे, आणि बाईंनी ते घातलेही. सहा मुलांनी याच काळात शिकवणी लावली होती, हेही लिहिले. अशा नोंदींनी अहवाल कमजोर होतो असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला आपल्या वर्गात काय करून पाहावे आणि कशावर विसंबू नये, हे त्यांवरूनच कळते.

एक फसगत या उदाहरणात टळली, पण ती सर्रास आढळते. पूर्वचाचणीतली सर्वांत कमी गुणांची दहा मुले निवडायची, त्यांना जादा तास द्यायचे आणि त्यांचे गुण वाढले की उपक्रमाला श्रेय द्यायचे. त्या दहांत काही मुले अशी असतात की त्या दिवशी त्यांचे डोके दुखत होते, घरी भांडण झाले होते किंवा पेन्सिलच नव्हती. ती पुढच्या चाचणीत आपल्या नेहमीच्या जागी येतात, तास घेतले तरी आणि न घेतले तरी. म्हणून निवड एकाच चाचणीवर न करता आधीच्या दोनतीन वह्या पाहून करावी, किंवा या बाईंप्रमाणे सारा वर्ग घ्यावा.

कृतिसंशोधनाची फेरी आखणी, कृती, निरीक्षण आणि चिंतन अशी फिरते आणि पुन्हा आखणीवर येते. दुसऱ्या फेरीचा प्रश्न पहिलीतल्या न हललेल्या आकड्यातून निघाला. आता बाकावर नोट मोडली की त्याच क्षणी वहीत खोडून नवा अंक लिहायचा : चार खोडून तीन, शून्य खोडून दहा, दहा खोडून नऊ. जोडीतल्या एकाने नोटा मोडायच्या, दुसऱ्याने लिहायचे, मग अदलाबदल. मोजायची ती फक्त शून्यावरची उडी. पण त्याआधी, दिवाळीची सुट्टी संपून मुले परतली की नव्या आकड्यांची तीन गणिते त्यांना न सांगता घ्यायचे ठरले. ४९ चे सुट्टीनंतर किती उरतात हे कळल्याशिवाय दुसरी फेरी कुठून सुरू करायची ते ठरत नव्हते.