वारसा फेरफार ‘निकाली’ दिसतो, पण उताऱ्यावर नाव चढलंय का? नोंदींवरून असं तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात वडील वारल्यावर वारसा लावण्याचा अर्ज दिला, की पावतीवर कर्नाटक सरकारच्या ‘सकाल’ योजनेचा 15 अंकी GSC क्रमांक मिळतो. काही आठवड्यांनी स्थिती पाहिली की ‘विलेवारी’ म्हणजे निकाली झाल्याचं दिसतं आणि लोक निर्धास्त होतात. पण त्या स्थितीचा अर्थ एवढाच, की त्या टेबलावरचा अर्ज बंद झाला. नामंजूर झालेला अर्जही निकालीच धरला जातो. म्हणून आधी स्थितीसमोर मंजूर लिहिलंय की ‘तिरस्कृत’, ते वाचा. मंजूर असलं तरी पुढची दोन कागदं पाहिल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

पहिला कागद उतारा, म्हणजे RTC. landrecords.karnataka.gov.in वर `View RTC and MR` मध्ये जिल्हा, तालुका, होबळी, गाव आणि सर्व्हे नंबर भरा. पुढे Surnoc विचारतो, तिथे बहुतेक वेळा `*` निवडावा लागतो, मग हिस्सा नंबर. शेवटी काळ आणि वर्ष निवडायचं असतं. तिथे जुनं वर्ष निवडलं तर फेरफार होऊनही जुनंच नाव दिसतं आणि घरात उगाच घबराट होते. चालू वर्ष निवडूनच बघा.

उताऱ्यात रकाना 9 मध्ये मालकाचं नाव, क्षेत्र आणि खाते नंबर असतो, तर रकाना 10 मध्ये जमीन कशी आली ते फेरफाराच्या म्हणजे MR क्रमांकासह लिहिलेलं असतं. दोन्ही एकत्र वाचायचे. रकाना 9 मध्ये सगळ्या वारसांची नावं आहेत का? लग्न होऊन गेलेली बहीण गळली नाही ना? रकाना 10 मधला क्रमांक तुमच्याच फेरफाराचा आहे का? बहिणीचं नाव गळलेलं असलं तर पुढे वाटणीच्या वेळी कोर्टाची पायरी चढावी लागते.

दुसरा कागद फेरफाराची नक्कल, म्हणजे MR चा उतारा. खरं काय घडलं ते याच्या तारखांवरून कळतं. फेरफाराचं काम ठरलेल्या क्रमानं चालतं: अर्ज, मग हितसंबंधितांना नोटीस, नोटिशीतली हरकतीची मुदत, तलाठ्याचा अहवाल, सर्कलचा आदेश आणि शेवटी उताऱ्यात नोंद.

समजा, खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबानं 3 जूनला अर्ज दिला. ‘सकाल’वर 12 ऑगस्टला निकाली. नक्कल काढली तर नोटिशीची तारीख 5 ऑगस्ट आणि त्या नोटिशीत हरकतीची मुदत 30 दिवस दिलेली. म्हणजे मुदत 4 सप्टेंबरपर्यंत होती, आणि आदेश त्याआधीच! एक तर चौकशी न करताच शिक्का मारला, नाहीतर नोटिशीची तारीख मागाहून भरली. अशा फेरफाराला कुणीही भावकीतला माणूस आव्हान देऊ शकतो, त्यामुळे नाव लागलं म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही. उलट प्रकारही होतो: आदेश व्यवस्थित आहे, तारखा जुळतात, पण उताऱ्यात अजून वडिलांचंच नाव. तेव्हा आदेशाची नक्कल घेऊन तहसीलच्या भूमी केंद्रात जा आणि ‘आदेश झालाय, नोंद राहिलीय’ एवढंच लेखी द्या. नव्यानं अर्ज करू नका, नाहीतर परत पहिल्यापासून सुरुवात.

तारखा संशयास्पद वाटल्या तर माहिती अधिकारात अर्ज करा. पात्रता एकच, भारतीय नागरिक असणं. शुल्क 10 रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. दारिद्र्यरेषेखालच्यांना ते माफ, पण कार्डाची प्रत जोडावी. सोबत GSC पावतीची आणि चालू उताऱ्याची प्रत लावा. कर्नाटकच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत असावा लागतो. भाषा कानडी किंवा इंग्रजी ठेवा. मराठीत दिलेला अर्ज परत आला तर वेळ आपलाच जातो.

‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ असं विचारलं की ‘निकाली काढला आहे’ एवढंच एका ओळीचं उत्तर येतं. त्यापेक्षा कागद मागा:

फेरफार क्रमांक अमुक यातील नोटीस बजावल्याची पोचपावती, तलाठ्याचा अहवाल, सर्कलचा आदेश, आणि संगणकातल्या नोंदीप्रमाणे प्रत्येक टप्पा कोणत्या तारखेला, कोणत्या पदाच्या लॉगिननं पूर्ण झाला त्याची प्रत द्यावी.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(j) प्रमाणे फाईल प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही त्याच अर्जात करता येते. पोचपावतीवर तुमची सही असायला हवी. तुम्ही कधी सहीच केली नसेल तर तिथेच सगळं उघडं पडतं.

उत्तराची मुदत 30 दिवस. ते आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत कलम 19(1) खाली पहिलं अपील करा. फेरफाराचा आदेशच चुकीचा निघाला तर अपील प्रांताधिकाऱ्यांकडे. बेळगाव जिल्ह्यात त्यांची कार्यालयं बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडीला आहेत. या अपिलाची मुदत माहिती अधिकाराच्या उत्तरासाठी थांबत नाही, म्हणून आदेशाची नक्कल हाती आली त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.