पोर्ट उघडून द्या न सर: पण आत येणारा की बाहेर जाणारा?

फायनल इयरचे डेमो जवळ आले की नागपूरच्या कॉलेजांमध्ये नेटवर्क अ‍ॅडमिनच्या टेबलावर एक अर्ज हमखास येतो, "सर, प्रोजेक्टसाठी 1883 पोर्ट उघडून द्या न", खाली गाईडची सही आणि बस, एवढंच. सर नाही म्हणतात, पोरं म्हणतात सर अडवतात. पण त्या अर्जात सगळ्यात महत्त्वाची गोष्टच नसते, ती म्हणजे कनेक्शन सुरू कोण करणार, बाहेरचा की आतला.

एक प्रोजेक्ट घेऊन बघू. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत मातीचा ओलावा मोजायचा सेन्सर लावला, त्याला ईएसपी32 बोर्ड आणि सिम कार्डवालं मॉडेम, दर दहा मिनिटांनी रीडिंग पाठवतं. रीडिंग एमक्यूटीटीने, म्हणजे छोटे मेसेज पाठवायच्या प्रोटोकॉलने, 1883 पोर्टवर जातं आणि ते घेऊन पुढे वाटणारा ब्रोकर, म्हणजे मॉस्किटो नावाचं सॉफ्टवेअर, कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर बसवलंय. डेमोच्या दिवशी एक्स्टर्नलसमोर स्क्रीनवर बागेतला ओलावा लाइव्ह दिसला पाहिजे. लॅबमध्ये सेन्सर टेबलावर ठेवून केलं तेव्हा छान चाललं, बागेत नेलं आणि काहीच येईना.

येणार कसं? लॅबच्या पीसीचा आयपी 10.20.4.37 असा काहीतरी असतो, 10 ने सुरू होणारे पत्ते खाजगी असतात, इंटरनेटवर त्यांना रस्ताच नाही. पूर्ण कॉलेज एक-दोन पब्लिक आयपीच्या मागे बसलेलं असतं आणि दारावरचा फायरवॉल एक साधा नियम पाळतो: आतल्याने बाहेर कनेक्शन सुरू केलं तर त्याची नोंद ठेवायची आणि त्याच कनेक्शनची उत्तरं आत येऊ द्यायची, बाहेरून आपणहून आलेलं पॅकेट मात्र टाकून द्यायचं. त्यामुळे बागेतून लॅबकडे यायचं तर सरांना पब्लिक आयपीवर 1883 उघडून तो लॅबच्या पीसीकडे वळवावा लागेल. अर्जात तीन शब्दांत मागितलेलं काम हे एवढं मोठं असतं.

बरं, "फक्त आमच्या सेन्सरसाठी उघडा" असं म्हणावं तर तेही जमत नाही. मोबाईल कंपन्या हजारो सिम मोजक्या पब्लिक आयपींमागे ठेवतात आणि ते आयपी बदलत राहतात, त्यामुळे बागेतलं सिम उद्या कोणत्या पत्त्यावरून येईल हे आधी लिहून देताच येत नाही. म्हणजे नियम जगासाठी उघडा ठेवावा लागणार. आणि जग वाट बघत बसत नाही, 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं टूल काढलं, ते एका गिगाबिट लाइनवरच्या एका मशीनवरून आयपीव्ही4 चा पूर्ण पत्तासंच, एका पोर्टसाठी, 45 मिनिटांच्या आत तपासत होतं. त्यामुळे "तीनच दिवस तर आहे सर" याने काळजी फार कमी होत नाही. त्यात 1883 वरचं एमक्यूटीटी साधं, एन्क्रिप्शन नसलेलं, पासवर्डही उघडा जातो, आणि त्या लॅब पीसीमध्ये कोणी शिरलं तर तिथून पुढे कॉलेजच्या बाकी मशीनपर्यंत हात पोचतो. सरांच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं.

मग दिशा उलटी करायची. ब्रोकर लॅबमधून काढून भाड्याच्या छोट्या क्लाउड मशीनवर ठेवायचा, ज्याला स्वतःचा पब्लिक आयपी असतो, इथे उदाहरणासाठी 203.0.113.25 धरू. बागेतला सेन्सर बाहेर त्याच्याकडे जातो, लॅबचा पीसीही बाहेर त्याच्याकडेच जातो, कॉलेजमध्ये आत कोणीच येत नाही. पोर्ट 1883 ऐवजी 8883 घ्यायचा, तिथे एमक्यूटीटी टीएलएसमधून, म्हणजे एन्क्रिप्ट होऊन, चालतं, आणि निनावी लॉगिन बंद करायचं. आता सरांकडे मागायचं ते फक्त बाहेर जायची परवानगी, कारण बऱ्याच कॉलेजांत बाहेर जायलाही 80 आणि 443 एवढेच मोकळे असतात. एका पीसीपासून एका पत्त्यापर्यंत, एका पोर्टवर, यात सरांना भिण्यासारखं फार थोडं उरतं.

अर्ज लिहायच्या आधी अडथळा खरंच फायरवॉलचाच आहे का ते बघून घ्या, कारण खूपदा तो नसतोच. लॅबच्या मशीनवर लिनक्स असेल तर

```
nc -vz -w 5 203.0.113.25 8883
```

`timed out` आलं तर पॅकेट वाटेत कुठेतरी गिळलं गेलं, फायरवॉलचं हे नेहमीचं लक्षण. `Connection refused` आलं तर बहुतेक वेळा पॅकेट मशीनपर्यंत पोचलं पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही, तो घोळ आपल्याच ब्रोकरचा (काही फायरवॉलही असं उत्तर देतात, म्हणून यावर शंभर टक्के विसंबू नका). मॉस्किटोच्या 2.0 पासून कॉन्फिगमध्ये `listener` लिहिलंच नाही तर तो फक्त स्वतःच्या मशीनपुरताच ऐकतो, नवीन पोरं इथे हमखास अडकतात. मग त्याच मशीनला मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन तीच कमांड चालवा, हॉटस्पॉटवर चाललं आणि कॉलेजच्या नेटवर अडलं तर आता सरांकडे जायचं, आणि दोन्ही निकाल अर्जाला जोडायचे.

अर्ज साधारण असा:

"सर, आमच्या फायनल इयर प्रोजेक्टचा (संत्रा बागेतील ओलावा मोजणी) डेमो 22 एप्रिलला आहे. लॅब 3 मधील पीसी 10.20.4.37 वरून 203.0.113.25 या आमच्या सर्व्हरकडे टीसीपी 8883 वर फक्त बाहेर जाणारं कनेक्शन हवं आहे. बाहेरून आत काहीही उघडायची गरज नाही. ट्रॅफिक टीएलएसमध्ये आणि पासवर्डसह आहे, काही किलोबाइटची रीडिंग. मुदत 20 एप्रिल सकाळी 9 ते 22 एप्रिल संध्याकाळी 6, आधीचे दोन दिवस टेस्टिंगसाठी. या पीसीचा आयपी तेवढे दिवस बदलू नये ही विनंती. हॉटस्पॉट व कॉलेज नेटवरील टेस्टचे निकाल सोबत जोडले आहेत. काही अडचण दिसल्यास नियम लगेच बंद करावा आणि आम्हाला किंवा गाईड मॅडमना कळवावं."

आयपीबद्दलचं वाक्य वगळू नका. लॅबमध्ये पत्ते डीएचसीपीने वाटले जातात, डेमोच्या सकाळी पीसीला 10.20.4.52 मिळाला तर नियम जागेवर असूनही काही चालणार नाही आणि दोष कोणाचा तेही पटकन कळणार नाही. पीसीचा मॅक अ‍ॅड्रेस सोबत दिला तर सर आयपी बांधून ठेवू शकतात. डेमो वायफायवरून करणार असाल तर तेही आधीच सांगा, वायफायचं नेटवर्क बहुतेक वेळा वेगळं असतं आणि त्याला नियमही वेगळे.

टेस्टिंगच्या दोन दिवसांत नुसतं कनेक्ट होऊन बघू नका, डॅशबोर्ड तासभर चालू ठेवा. बराच वेळ काहीच गेलं नाही तर फायरवॉल त्या कनेक्शनची नोंद पुसतो, मग स्क्रीनवर जुनाच आकडा दिसत राहतो आणि एररही येत नाही. एमक्यूटीटीत कीपअलाइव्ह 60 सेकंद ठेवला की शांततेतही छोटी पॅकेटं जात राहतात आणि नोंद जिवंत राहते.

22 ला संध्याकाळी डेमो झाला की सरांना नियम काढायला सांगा, मग वरचीच कमांड त्याच पीसीवरून परत चालवा, आता `timed out` यायला पाहिजे. सेन्सरचा पासवर्ड बदला, आणि क्लाउड मशीनची गरज नसेल तर तेही बंद करा, नाही तर बिल चालू राहतं आणि तो 8883 तिकडे जगासाठी उघडाच असतो.