नवऱ्याची किडनी बायकोला का चालली नाही? क्रॉसमॅचची पार्श्वभूमी

बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मामींना किडनी द्यायला मामा स्वतःहून तयार झाले, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त दिसतात, त्यामुळे नवरा पुढे आल्याचं कौतुकही झालं. दोघांचा रक्तगट बी. मामांना शुगर नाही, बीपी नाही. आता तारीख ठरवायची, एवढंच बाकी आहे असं आम्ही धरून चाललो होतो. मग रिपोर्ट आला, ‘क्रॉसमॅच पॉझिटिव्ह’. मामींनी विचारलं, “पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच ना?” डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मामींच्या रक्तात मामांच्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी आधीपासून तयार होत्या. अशा वेळी ती किडनी बसवली, तर काही तासांत किंवा दिवसांत ती बंद पडू शकते.

या अँटिबॉडी आल्या कुठून? ‘मॅच’ करणं म्हणजे काय, हे माणसाला कसं कळत गेलं, ते पाहिल्याशिवाय याचं उत्तर नीट लागत नाही.

पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी केलं. देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ असल्यामुळे शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. इतरांच्या बाबतीत मात्र किडनी का नाकारली जाते, याचा धागा वेगळ्याच ठिकाणी सापडला. १९५८ साली पॅरिसमध्ये ज्याँ दोसे यांना, वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांच्या रक्तात दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी दिसल्या. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये यॉन फान रूड आणि अमेरिकेत रोझ पेन यांना तशाच अँटिबॉडी गरोदर राहून गेलेल्या स्त्रियांच्या रक्तात आढळल्या. कारण साधं होतं. पोटातल्या बाळाच्या पेशींवर निम्म्या खुणा बापाच्या असतात. त्या पेशी थोड्या प्रमाणात आईच्या रक्तात मिसळतात, आणि काही स्त्रियांचं शरीर त्या परक्या खुणांविरुद्ध अँटिबॉडी करून ठेवतं. या खुणांनाच आज एचएलए म्हणतात.

मला या इतिहासातला सर्वांत हलवून टाकणारा भाग हा वाटतो की, पुढे कितीतरी वर्षं एचएलए तपासण्याचं साधन म्हणून अशा अनेक बाळंतपणं झालेल्या स्त्रियांचंच सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं अँटिबॉडी असलेलं पाणी, जगभर गोळा केलं जात होतं. अमेरिकेत पॉल तेरासाकी यांनी १९६४ साली प्लॅस्टिकच्या छोट्या ट्रेमध्ये ही तपासणी बसवली. एकेका खळग्यात एक मायक्रोलिटर सीरम, म्हणजे एका थेंबाचाही अगदी छोटा अंश. त्यात पांढऱ्या पेशी टाकायच्या, मग सशाच्या रक्तातला कॉम्प्लिमेंट नावाचा पेशी फोडणारा घटक टाकायचा, आणि शेवटी रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली किती पेशी मेल्या ते मोजायचं. अँटिबॉडी चिकटली असेल तर पेशी फुटते आणि रंग आत शिरतो.

क्रॉसमॅच म्हणजे हीच तपासणी, फक्त सीरम घेणाऱ्याचं आणि पेशी देणाऱ्याच्या. तिचं महत्त्व १९६९ साली पटेल आणि तेरासाकी यांनी आकड्यांनी दाखवून दिलं. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही झालेल्या ३० प्रत्यारोपणांपैकी २४ किडन्या लगेच निकामी झाल्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. त्यानंतर क्रॉसमॅच न करता किडनी बसवणं थांबलं. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झालं, तेव्हा हे ज्ञान जेमतेम दोन वर्षांचं होतं.

मग मध्येच एक उलटं वळण आलं. १९७३ मध्ये ओपेल्झ, तेरासाकी आणि सहकाऱ्यांना दिसलं की, आधी रक्त चढवलेल्या रुग्णांच्या किडन्या जास्त टिकतात. त्यामुळे पुढची काही वर्षं कित्येक केंद्रांवर प्रत्यारोपणाआधी मुद्दाम रक्त देत असत. त्यात काही रुग्णांच्या अंगात इतक्या अँटिबॉडी झाल्या की त्यांना कोणाचीच किडनी चालेना. १९८०च्या दशकात प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, किडनी टिकण्याचं प्रमाण एकदम वाढलं आणि रक्त देण्याचा तो फायदा उरला नाही. १९८९ पासून हिमोग्लोबिन वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन मिळू लागलं. तेव्हापासून प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्याला शक्यतो रक्त चढवू नये, असा नियम रुळला.

मामींच्या बाबतीत नेमकं हेच चुकलं होतं. दोन बाळंतपणं आणि एक गर्भपात, एवढं तर आधीपासून होतंच. त्यात डायलिसिस सुरू झाल्यावर एका छोट्या दवाखान्यात हिमोग्लोबिन ६ च्या आसपास आलं म्हणून दोन महिन्यांत तीन बाटल्या रक्त दिलं गेलं. पुढे प्रत्यारोपण करायचंय का, हे कोणी विचारलं नाही, आणि ते सांगायला हवं हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. इंजेक्शन आणि शिरेतून लोह यांवर कदाचित भागलं असतं. जीव धोक्यात असेल तर रक्त द्यावंच लागतं. पण मग फिल्टर लावून पांढऱ्या पेशी कमी केलेलं रक्त द्यायला सांगावं, आणि दोन ते चार आठवड्यांनी अँटिबॉडीची तपासणी पुन्हा करावी. फिल्टरने धोका कमी होतो, संपत नाही.

मामांचं नाव मागे पडल्यावर मुलगा म्हणाला, “मी देतो.” इथे मला स्वतःला धक्का बसला. मुलाची क्रॉसमॅचसुद्धा पॉझिटिव्ह आली. पोटचा मुलगा आईला चालत नाही? थोडं थांबून विचार केला की लक्षात येतं. मुलाच्या निम्म्या खुणा आईच्या, त्याबद्दल तक्रार नाही. उरलेल्या निम्म्या वडिलांच्या, आणि मामींच्या अँटिबॉडी नेमक्या त्याच खुणांविरुद्ध होत्या. मुलीची क्रॉसमॅच मात्र निगेटिव्ह आली, कारण तिला वडिलांकडून दुसरा अर्धा संच मिळाला होता. पण मुलगी चोवीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. किडनी दिलेल्या स्त्रीला पुढे गरोदरपणात बीपीचा त्रास होण्याची शक्यता थोडी वाढते, हे डॉक्टरांनी सांगितलं. मामी म्हणाल्या, “तिचं नाव काढू नका.” विषय तिथेच संपला.

मधल्या काळात मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घातलं होतं. इथेही अँटिबॉडी आडव्या आल्या. मामींचा पीआरए ६० टक्के निघाला. म्हणजे रक्तगट जुळणारे दहा दाते आले, तर साधारण सहांची किडनी त्यांना चालणार नाही. यादीत नंबर वर आला म्हणून किडनी मिळते असं नाही. दाता आला की साठवलेल्या सीरमवर क्रॉसमॅच करतात, म्हणून ठराविक काळाने ताजं सीरम केंद्रात पोहोचवावं लागतं. ते राहिलं तर ऐन वेळी नाव वगळलं जाऊ शकतं.

गुजरातमध्ये तेव्हा आणखी एक अडचण होती. राज्याच्या यादीत नाव घालायला डोमिसाइलचा दाखला लागायचा. मामांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यातलं, त्यांना दाखला मिळाला. पण शेजारच्या खाटेवर डायलिसिस घेणारे खानदेशातले एक गृहस्थ नोकरीसाठी नुकतेच आलेले, त्यांची नोंदच होईना. नोव्हेंबर २०२२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ही अट रद्द केली आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही राज्यांना ती काढायला सांगितली. बडोद्यात बाहेरून येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांनी हे आवर्जून माहीत करून घ्यावं.

२०११ साली प्रत्यारोपण कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून अदलाबदलीचा मार्गही खुला आहे. मामांची किडनी दुसऱ्या जोडप्यातल्या रुग्णाला आणि त्यांच्या दात्याची मामींना. त्याची तयारी चालू असतानाच धुळ्याहून मामींचे थोरले भाऊ आले. वय ५४, रक्तगट ओ. ओ गटाची किडनी बी गटाला चालते. सख्ख्या भावंडांत सगळ्या खुणा जुळण्याची शक्यता चारात एक, निम्म्या जुळण्याची दोनात एक. दादांच्या निम्म्या जुळल्या. महत्त्वाचं म्हणजे क्रॉसमॅच निगेटिव्ह आली. मामींच्या अँटिबॉडी सासरच्या खुणांविरुद्ध होत्या. चढवलेल्या रक्तामुळे आलेल्यांतली एखादी दादांच्या खुणांविरुद्ध निघू शकली असती, म्हणून एकेक अँटिबॉडी वेगळी मोजणारी तपासणीही केली. ती स्वच्छ आली.

कागदपत्रांत एक गोष्ट अडली. लग्नात मामींचं नावही बदललं होतं, आडनावही. दादा त्यांचे सख्खे भाऊ आहेत हे दाखवायला धुळ्याच्या शाळेतून सोडल्याचा दाखला आणि नाव बदलल्याचं गॅझेट शोधावं लागलं. त्यात पाच आठवडे गेले. बहिणीला भाऊ किडनी देणार असेल, तर हे काम तपासण्यांच्या आधी हाती घ्यावं.

अँटिबॉडी असलेल्या रुग्णाला सुरुवातीला जास्त जोरकस औषध देतात. मामींना एटीजी दिलं, जे पांढऱ्या पेशी खूप खाली आणतं. म्हणून जंतुसंसर्गाची तयारी आधीच करावी लागली. हेपटायटिस बीची लस दुप्पट मात्रेत चार वेळा, न्यूमोनियाची लस. जिवंत जंतूंच्या लसी प्रत्यारोपणानंतर चालत नाहीत, त्या आधीच. नंतर फुप्फुसातल्या न्यूमोसिस्टिस संसर्गासाठी कोट्रायमॉक्साझोल आणि सीएमव्ही या विषाणूसाठी काही महिने व्हॅलगॅनसायक्लोव्हिर. सीएमव्ही आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात झोपलेला असतो, प्रतिकारशक्ती दबली की जागा होतो. पहिल्या महिन्यात धोका जास्त करून जखमेचा आणि लघवीच्या संसर्गाचा, दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत अशा झोपलेल्या जंतूंचा. टीबी कधीही डोकं वर काढू शकतो. त्यावरचं रिफाम्पिसिन हे औषध, किडनी नाकारली जाऊ नये म्हणून रोज घ्यायच्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी झपकन खाली आणतं, त्यामुळे छातीच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी किडनीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय औषध सुरू करायचं नाही.

टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमध्ये त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. सायक्लोस्पोरिनने हिरड्या सुजायच्या, अंगावर केस वाढायचे, तो त्रास याने कमी झाला. पण हात थरथरणं आणि शुगर वाढणं आलं. मामींना तिसऱ्या आठवड्यात चहाची बशी धरता येईना, तपासलं तर पातळी १७ होती. त्या वेळी ती साधारण ८ ते १२ नॅनोग्रॅम हवी. खोकल्यासाठी जवळच्या एका डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं होतं, त्याने ती चढली होती. ते बंद केलं, मात्रा कमी केली, दहा दिवसांत हात स्थिरावला.

आता मामी सकाळी सात आणि संध्याकाळी सातला गोळी घेतात. तपासणीच्या दिवशी मात्र सकाळची गोळी पर्समध्ये ठेवून रिकाम्या पोटी निघतात, कारण रक्त गोळीच्या आधी काढायचं असतं. त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मुलीने लाल पेनाने रक्त चढवल्याच्या तीन तारखा लिहून ठेवल्या आहेत. नवीन डॉक्टर भेटले की मामी आधी ते पान उघडून दाखवतात.